ATAN2 मधली अदलाबदल

> अक्षांश-रेखांशांचे रेडियन केले, अंतराचं हॅवरसाइन सूत्र पायथनमधून शीटमध्ये जसंच्या तसं उचललं, तरी लंडन–पॅरिस 19,671 किमी येतंय.

अक्षांश-रेखांश पुन्हा तपासत बसू नका, गडबड ATAN2 मध्ये आहे. पायथनमध्ये आधी y आणि मग x देतात. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये आधी x लागतो. क्रम उलटला की खऱ्या अंतराऐवजी 20,015 किमी, म्हणजे पृथ्वीचा अर्धा घेर, वजा ते अंतर मिळतं. तुमच्या आकड्यावरून 20,015 − 19,671 = 344, आणि लंडन–पॅरिस तेवढंच आहे. मी तर ATAN2 वापरणंच सोडलं. हॅवरसाइनची a किंमत G2 मध्ये असेल तर:

```
=2*6371*ASIN(MIN(1,SQRT(G2)))
```

MIN एवढ्यासाठी की पृथ्वीच्या अगदी विरुद्ध टोकांच्या जोडीत a कधी 1 च्या केसभर वर जातो आणि #NUM! येतं.

क्रमाची ही चूक लांबच्या शहरांत लपते, हे जास्त घातक. खरं अंतर 10,000 किमीच्या आसपास असेल तर उलटा आकडाही जवळपास तोच येतो, शंकाही येत नाही. म्हणून यादीत एक ओळ त्याच शहरापासून त्याच शहरापर्यंतची ठेवा. तिथे 0 ऐवजी 20,015 दिसलं की पूर्ण रकाना चुकलाय.