परवानगी आहे, क्रेडिट दिलंय, मग पैसे का नाहीत?

कात्रीबहाद्दर
186 व्हिडिओ, एकही कॉपीराइट स्ट्राइक नाही. निम्म्या क्लिपांना मालकांची लेखी परवानगी, उरलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या. डिस्क्रिप्शनमध्ये प्रत्येकाला क्रेडिट. तरी यूट्यूबचा मॉनेटायझेशनला, म्हणजे जाहिरातीचे पैसे द्यायला, नकार, कारण काय तर 'रियूज्ड कंटेंट', म्हणे दुसऱ्याचंच पुन्हा वापरलंय. निवडक कवितांचा संग्रह काढणाऱ्या संपादकाला मानधन मिळतं, आम्हीच काय घोडं मारलंय? छोट्या चॅनेलवाल्यांना दाबायचे धंदे आहेत हे सगळे.

टाइमलाइनवाली
'दाबायचे धंदे' वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. एडिटिंगवर पोट आहे माझं. असे नकार घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि प्रत्येक जण हीच तीन प्रशस्तिपत्रकं पुढे करतो: स्ट्राइक नाही, परवानगी आहे, क्रेडिट दिलंय.

अहो, ही तिन्ही उत्तरं 'क्लिप वापरायचा हक्क आहे का?' या प्रश्नाची आहेत. तो प्रश्न मालक विचारतो, एकेका व्हिडिओपुरता. मॉनेटायझेशनचा अर्ज तपासणारा माणूस वेगळंच विचारत असतो: यात तुमचं काय आहे? यूट्यूबच्या नियमात स्वच्छ लिहिलंय की रियूज्ड कंटेंटचा निर्णय कॉपीराइट, परवानगी किंवा फेअर यूजवर ठरत नाही. परवानगीची 186 पत्रं जोडलीत तरी त्यांना तिथे कुणी हात लावणार नाही. उलट एखाद्या समीक्षकाच्या व्हिडिओवर चित्रपट कंपनीचा क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, असतो, त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे त्या कंपनीच्या खिशात जातात, पण चॅनेल मात्र पास होतं, कारण बडबड त्याची स्वतःची असते.

आता पैशाचं. लांबीने मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला 55 टक्के वाटा चॅनेलला मिळतो. तीच घसरून पडणाऱ्या माणसाची क्लिप शंभर चॅनेलांवर पडून असते. प्रत्येकाने तेवढाच वाटा मागायचा, तो कशाबद्दल? मूळ क्लिप आणि तुमचा व्हिडिओ यांत बघणाऱ्याला ठळक फरक जाणवायला हवा, एवढीच अपेक्षा आहे. कवितासंग्रहाचा संपादक प्रस्तावना लिहितो, हीच कविता का घेतली ते सांगतो, टिपा देतो. तुमच्या 186 व्हिडिओंत तुमचा आवाज किती वेळा ऐकू येतो?

चॅनेलगुरू
ताई, इतकं अवघड नाहीये. 30 टक्के बदल केला की सिस्टीमला ओरिजिनल वाटतं. क्लिप मिरर करा, स्पीड 1.1, थोडा झूम, कडेने बॉर्डर, आणि कुठलीही क्लिप 7 सेकंदांच्या वर नको. माझे दोन चॅनेल असेच चाललेत.

टाइमलाइनवाली
30 टक्के आणि 7 सेकंद हे आकडे कुठल्याही नियमात नाहीत. मिरर आणि झूम ही क्लेमच्या यंत्राला चकवायची कसरत आहे, तीही दरवेळी जमत नाही. अर्ज माणूस बघतो. मिरर केलेल्या क्लिपमध्ये मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात, तेव्हा 'हे माझं नाही' अशी कबुली तुम्हीच पडद्यावर लिहून दिलेली असते.

नवखी_42
मी नाचाचे व्हिडिओ टाकते, स्वतःच नाचते, पण संगीत फुकटच्या लायब्ररीतलं असतं. म्हणजे मीही गेले का? हजार सबस्क्रायबर व्हायला सत्तरच राहिलेत :(

टाइमलाइनवाली
नाही हो. नाच तुमचा आहे ना? मग नाचा.

पुन्हा_अर्ज
यात पोळलेला माणूस म्हणून लिहितो. खेळांमधल्या पडापडीची संकलनं करायचो. चाळीस-चाळीस क्लिपा, वर धांगडधिंगा संगीत. 1,300 सबस्क्रायबर, 5,200 तास वॉच टाइम. पहिला नकार आला. 30 दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, म्हणून त्या महिन्यात स्वतःच्या आवाजातले आठ व्हिडिओ केले आणि अर्ज टाकला. पुन्हा नकार. आता मुदत 90 दिवसांची.

डोकंच फिरलं. मग शांतपणे बघितलं. तपासणारा सगळे व्हिडिओ बघत बसत नाही. चॅनेलचा मुख्य विषय, सगळ्यात जास्त बघितलेले, सगळ्यात नवे, वॉच टाइमचा मोठा हिस्सा खाणारे व्हिडिओ, आणि शीर्षक-थंबनेल-डिस्क्रिप्शन, एवढ्यावर अंदाज घेतो. माझे नवे आठ ठीक होते, पण 5,200 पैकी 3,100 तास दोन जुन्या संकलनांनी आणलेले. चॅनेलचा चेहरा तेच दोन होते.

मग रागाच्या भरात ते दोन्ही डिलीट केले. हा दुसरा गाढवपणा. तास फक्त पब्लिक व्हिडिओंचे धरतात, तेही गेल्या 12 महिन्यांतले. उरले 2,100. अट 4,000 ची. म्हणजे नव्वद दिवस संपले तरी अर्जाचं दार बंदच.

पुढचे दहा महिने वेगळं केलं. चाळीसऐवजी चारच घसरगुंड्या घ्यायच्या. पाय सुटण्याआधीच्या फ्रेमवर थांबायचं, घोट्याभोवती गोल काढायचा, वजन टाचेवर होतं की चवड्यावर ते दाखवायचं, आणि तो सावरला असता तर कसा, हे बोलायचं. एका व्हिडिओला सहा दिवस लागायचे. तिसरा अर्ज पास झाला. क्लिपा तेव्हाही लोकांच्याच होत्या.

कात्रीबहाद्दर
म्हणजे बडबड केली की पवित्र, गप्प राहिलं की चोर! मला बोलायला आवडत नाही, त्याचं काय? आणि ते कोपऱ्यातल्या चौकटीत बसून दुसऱ्याचा अख्खा व्हिडिओ बघणारे, त्यांना बरं चालतं!

खवचट_काका
नुसतं तोंड वासून बसायचे पैसे मिळत असतील तर मी आजपासून मोकळा आहे. दातही सगळे शाबूत आहेत.

टाइमलाइनवाली
काका, न बोलता नुसते चेहरे करणाऱ्या रिअॅक्शनही नियमात रियूज्ड कंटेंटच्याच यादीत आहेत. भाष्य केलं तर चालतं. आता मोठ्या चॅनेलांना हे तितक्याच कडकपणे लागू होतं का, असं विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही. तिथे मीही चडफडते. कात्रीबहाद्दर, तुमचा एवढा मुद्दा मान्य. बाकीचे नाहीत.

कात्रीबहाद्दर
उपकार झाले.

मांजरवाली
'क्रेडिट दिलंय' हे जरा मला सांगा. माझी मांजर टेबलावरच्या दिव्याचं बटण पंजाने दाबून दिवा घालवायची. चौदा सेकंदांची क्लिप. त्या चौदा सेकंदांसाठी मी अकरा रात्री फोन टेकवून बसले होते, कारण कॅमेरा दिसला की ती ढिम्म हलायची नाही. एका साइटवर टाकली. महिन्याभरात ती दुसऱ्यांच्या संकलनांत भेटायला लागली. एकाने उलटी केली होती, एकाने माझं हसणं काढून ढोल लावले होते. खाली लिहिलेलं: 'क्रेडिट टू ओनर'. ओनर कोण? मी! माझं नाव लिहायला काय बोटं झिजली असती?

कात्रीबहाद्दर
ताई, मी नावासकट लिहितो. मला त्यांच्यात ढकलू नका.

मांजरवाली
नाव लिहून माझ्या पदरात काय पडतं? डिस्क्रिप्शनमध्ये तिसाव्या ओळीवर कोण जातं?

कात्रीबहाद्दर
मग अख्ख्या जगासमोर टाकता कशाला? कपाटात ठेवायची क्लिप! आमच्यामुळे लाखभर लोकांनी तुमची मांजर बघितली असेल, त्याचं काहीच नाही?

मांजरवाली
लाख लोकांनी मांजर बघितली, मला एकानेही विचारलं नाही. अंगणात वाळत घातलेली साडी कुणी नेसून मिरवली, तर साडीची जाहिरात झाली म्हणून आभार मानायचे का?

खवचट_काका
साडी उलटी नेसली असेल तर यंत्राला सापडत नाही, असं चॅनेलगुरू म्हणतात.

चॅनेलगुरू
काका, वैयक्तिक नको. मॅडम, कॉपीराइट मॅच टूल वापरा, आपोआप पकडतं सगळं.

टाइमलाइनवाली
पुन्हा अर्धवट. ते टूल यूट्यूबवर आधी चढवलेल्या व्हिडिओची पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण नक्कल शोधतं. यांची क्लिप पहिल्यांदा दुसरीकडे पडली आणि आता दहा मिनिटांच्या संकलनात चौदा सेकंद आहे. तिथे त्याच्यावर विसंबू नका. हाताने शोधायचं, वेळ टिपून ठेवायची आणि एकेका व्हिडिओविरुद्ध काढून टाकायची विनंती भरायची. कंटाळवाणं आहे, पण रस्ता तोच.

मांजरवाली
नऊ भरल्या. दहाव्यापाशी दमले. म्हणून संकलनांना पैसे मिळत नाहीत हे वाचून मला, खरं सांगते, बरं वाटलं.

पुन्हा_अर्ज
मूळ मुद्द्यावर येऊ का? कात्रीबहाद्दर, नकार येऊन 21 दिवस झाले नसतील तर अपील करता येतं. व्हिडिओ अपील. पाच मिनिटांच्या आतला व्हिडिओ, अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसणारा, पहिल्या 30 सेकंदांत चॅनेलची यूआरएल दाखवायची, आणि चॅनेलवरचं काम कसं करता ते दाखवायचं.

टाइमलाइनवाली
करता येतं, पण दाखवणार काय? काम तुमचंच असूनही दुसऱ्याचं वाटलं असेल, तर अपील उपयोगी पडतं. माझ्याकडे एक लाकडाची खेळणी कोरणारे आले होते. चेहरा नाही, आवाज नाही, नुसते हात. तेच व्हिडिओ त्यांनी आधी दुसऱ्या साइटवर वेगळ्या नावाने टाकलेले. तपासणाऱ्याला कसं कळणार की हे हात यांचेच? अपीलमध्ये त्यांनी तोंड दाखवलं, अर्धवट कोरलेला हत्ती हातात धरला, एडिटिंगची टाइमलाइन उघडून कच्चं शूटिंग दाखवलं. निर्णय फिरला. तुम्ही टाइमलाइन उघडलीत तर त्यात ओळीने डाउनलोड केलेल्या फायली दिसतील. तो पुरावा तुमच्याच विरुद्ध जाईल.

कात्रीबहाद्दर
क्लिपा शोधणं, क्रम लावणं, कुठे तोडायचं ते ठरवणं, याला काहीच किंमत नाही असं तुमच्यासारख्या एडिटरने म्हणावं, हे मात्र लागलं. तोडायची जागा चुकली तर हसू येत नाही, हे तुम्हाला तरी ठाऊक असायला हवं.

टाइमलाइनवाली
ठाऊक आहे. चांगला कट हे कौशल्यच आहे आणि या नियमात त्याला फारशी जागा नाही, हे मलाही बोचतं. फक्त तुमचा कट चांगला की शेजारच्याचा, हे तीच क्लिप पन्नासाव्यांदा बघणाऱ्याला कळत नाही. ते कळवायचं काम तुमचं. बोलायला आवडत नसेल तर पडद्यावर लिहा, पण नुसत्या 'हाहाहा'च्या पट्ट्या नकोत. ही क्लिप आधी का, ती नंतर का, हे दिसू दे. तेवढ्याने पास व्हालच, अशी हमी मी देत नाही.

कात्रीबहाद्दर
बघतो. 186 पैकी सत्तर तरी नव्याने करावे लागतील. डिलीट करत नाही, पुन्हा_अर्ज यांची गोष्ट वाचून घाम फुटला.

पुन्हा_अर्ज
प्रायव्हेटसुद्धा करू नका. तेही तास जातात.

मांजरवाली
कात्रीबहाद्दर, मांजरींचे किती भाग आहेत तुमच्याकडे?

कात्रीबहाद्दर
बावीस.

मांजरवाली
लिंक द्या.