डिलीट करायला आधी अकाउंट परत मिळवायचं, की सरळ पुसून टाका म्हणायचं?

मुक्ता_ठाणे
2010 साली भावाने माझं एका लग्न जुळवणाऱ्या साइटवर प्रोफाइल काढलं होतं. ईमेल दिला माझ्या तेव्हाच्या ऑफिसचा, ती कंपनी कधीच बंद पडली. मोबाईल नंबर पण तेव्हाचा, तो सोडून दिला. पासवर्ड कोणालाच आठवत नाही. लग्न होऊन मुलगी पाचवीत गेली तरी नाव सर्च केलं की फोटो, शिक्षण, गाव सगळं येतं, आणि वय मात्र दर वर्षी आपोआप वाढतंय! डिलीटचं बटण लॉगिन केल्यावरच मिळतं. एवढी खटपट करावी का द्यावं सोडून?

खवचट_नाना
सोडून द्या. पंधराएक वर्षांत तो फोटो आणि बायोडाटा किती जणांनी सेव्ह केला असेल, किती वधूवर एजंटांच्या पेनड्राइव्हमध्ये फिरला असेल, ते काय तुम्ही पुसणार आहात का. बायोडाटा तर तेव्हा अख्ख्या नातेवाईकांना वाटलेला असतो. आणि परत मिळवायच्या नादात हल्ली या साइट्स सेल्फी माग, आधार माग, नवीन नंबर माग असं करतात. म्हणजे 2010 ला दिलं नव्हतं ते सगळं आता द्यायचं, कशासाठी तर म्हणे प्रायव्हसी.

गोट्या_सातारा
एवढं अवघड काय त्यात, जुना नंबर आता ज्याच्याकडे असेल त्याला फोन करा, नीट सांगा ताई माझं जुनं अकाउंट आहे, ओटीपी येईल तेवढा सांगा. माणसं चांगली असतात.

रात्रपाळी
@गोट्या, अरे बाबा, अनोळखी बाईचा फोन आला आणि "ओटीपी सांगा" म्हणाली तर तुझे वडील सांगतील का? सांगू नये हेच सगळ्यांना शिकवतोय आपण. नंबर बंद झाला की साधारण 90 दिवसांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, त्या माणसाचं स्वतःचं बँक खातं आता त्यावर असणार, त्याला यात ओढूच नका.

मुक्ताताई, नानांचं सेल्फीवालं बरोबर आहे पण "सोडून द्या" बरोबर नाही. तुमचा ईमेल मेलाय असं तुम्ही धरून चाललाय, तो मेलेला नाही, मालक नसलेला आहे. कंपनी बंद पडली, डोमेनचे पैसे भरणं थांबलं, मग डॉट कॉम असेल तर सवलतीचे काही दिवस, त्यानंतर 30 दिवस जुन्या मालकाला दंड भरून सोडवायची मुभा, शेवटचे 5 दिवस नुसते लटकलेले आणि मग ते नाव खुलं. कोणीही हजाराच्या आसपास रुपये टाकून घ्यावं. ज्याने घेतलं त्याने सगळे पत्ते एका पेटीत वळवले की तुमच्या नावाचे मेल त्याला येणार. तो साइटवर जाऊन पासवर्ड विसरलो दाबणार, लिंक त्याच्याकडे, प्रोफाइल त्याचं. लग्नाच्या साइटवर तुमच्या फोटोने कोणी लोकांशी बोलतंय हे कसं वाटेल बघा.

आधी एवढं तपासा, कंपनीचं खरं डोमेन टाकून:

```
whois example.com
dig +short MX example.com
```

पहिल्यात नोंदणीची तारीख 2010 च्या नंतरची दिसली तर हात बदललाय. दुसऱ्यात काही उत्तर आलं तर तिथे कोणीतरी मेल घेतंय असं समजा. नाव खुलं असेल तर मी तरी म्हणेन स्वतःच घ्या, रिसेट लिंक मिळवा आणि उडवा प्रोफाइल.

वकीलीण_मिरज
@रात्रपाळी, डोमेन घ्या हे इतकं सहज नका सांगू. ती कंपनी यांची नव्हती. तिथल्या बाकीच्या लोकांची बँकेची, विम्याची, शाळेची पत्रं अजून त्या पत्त्यांवर जात असतील, ती सगळी मुक्ताताईंच्या पेटीत पडणार. याहूने 2013 मध्ये वर्षभर न वापरलेले आयडी नव्या लोकांना दिले तेव्हा हेच झालं होतं, नव्या मालकांना जुन्यांचे खासगी मेल यायला लागले.

रात्रपाळी
सगळे पत्ते पकडायचेच नाहीत ना. फक्त स्वतःचा एक पत्ता बनवायचा, बाकी सगळं सर्व्हर परत पाठवतो, कोणाचं काही दिसत नाही. अडचण वेगळीच आहे. एकदा घेतलं की दर वर्षी भरत बसा, सोडलं की पुन्हा खुलं, आणि त्या पत्त्यावर अजून किती जुनी अकाउंटं होती कोणास ठाऊक.

वकीलीण_मिरज
तरी मला नाही पटत, पण ते राहू दे. मूळ मुद्दा असा की अकाउंट परत मागणं आणि माहिती पुसायला सांगणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. परत मागितलं की साइट घाबरते, चुकीच्या माणसाला चावी दिली तर गोत्यात येईल, म्हणून सेल्फी अन काय काय. पुसा म्हटलं की तिचा धोका कमी, फार तर काय होईल, चुकीचं प्रोफाइल लपेल आणि खरा मालक ओरडत येईल. म्हणून कस्टमर केअरच्या चॅटवर "पासवर्ड विसरलेय" असं लिहूच नका, ते तुम्हाला फिरवून पुन्हा रिसेटच्याच पानावर नेतात. तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2021 च्या आयटी नियमांनी त्याचं नाव आणि संपर्क साइटवर टाकणं बंधनकारक आहे, आणि लग्नाच्या साइटसाठी तर सरकारने 2016 मध्ये वेगळी सूचनाच काढली होती, तिच्यातही तक्रार अधिकारी आहे. नाव तळाशी बारीक अक्षरात, अटी किंवा प्रायव्हसीच्या पानावर सापडतं.

कोथरूडकर
अहो एवढं कशाला, आता डेटा संरक्षणाचा कायदा आलाय 2023 चा, कलम 12, मिटवण्याचा हक्क! एक मेल टाका, नाही मिटवलं तर कोट्यवधींचा दंड, धावत येतील.

वकीलीण_मिरज
कलम बरोबर सांगितलंत, वेळ चुकली. कायदा 2023 चा पण नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार, म्हणजे 2027 चा मे उजाडणार. मेलमध्ये उल्लेख करा, पण धमकी त्याच्या जोरावर देऊ नका, त्यांच्या वकिलाला तारखा माहीत असतात. सध्या आधार 2021 च्या नियमांचाच. तिथे उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं, gac.gov.in वर, ऑनलाइनच असतं सगळं.

आत्याबाई_सोलापूर
माझ्या भाच्याचं नाव आमच्या ज्ञातीच्या वधूवर मंडळाच्या पुस्तिकेत अजून छापतात हो! दोन मुलं आहेत त्याला. मंडळात फोन केला तर म्हणे पुढच्या मेळाव्याला समक्ष येऊन सांगा. याचं काय करायचं? लोकांचे फोन येतात, सूनबाई चिडते.

खवचट_नाना
आत्याबाई, सूनबाईंनाच मेळाव्याला पाठवा.

पण वकीलबाई, तुम्ही अर्धंच सांगताय. त्याच 2021 च्या नियमांत असंही आहे की नोंदणी रद्द झाल्यावर साइटने वापरकर्त्याची नोंदणीची माहिती 180 दिवस ठेवायची. म्हणजे पुसलं म्हणतील ते आणि पुसलेलं नसेल.

वकीलीण_मिरज
बरोबर, ठेवायची. पण ती आतल्या कपाटात, तपास यंत्रणेसाठी, सर्चमध्ये दाखवायला नव्हे. मुक्ताताईंचा त्रास समोर दिसण्याचा आहे.

मुक्ता_ठाणे
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी. whois बघितलं, ते डोमेन 2019 ला कोणीतरी नव्याने घेतलंय, आता तिथे कसल्यातरी जुगाराच्या जाहिराती आहेत. दुसरी कमांड मला जमली नाही. म्हणजे डोमेनवाला मार्ग संपला, आणि खरं सांगायचं तर आता भीती जास्त वाटायला लागली. अधिकाऱ्याला मी म्हणजे मीच हे कसं पटवायचं? आधार द्यायचं नाहीये.

रात्रपाळी
डोमेन दुसऱ्याकडे आहे हेच तुमचं सगळ्यात जोरदार कारण, पहिल्याच ओळीत टाका. जुन्या ईमेलवर रिसेट लिंक किंवा खात्रीचा मेल अजिबात पाठवू नका असंही लिहा, नाहीतर ते सवयीने तिकडेच पाठवतील.

पुरावा म्हणजे 2010 ला जे दिलं होतं तेच परत सांगायचं, नवीन काही द्यायचं नाही. प्रोफाइल नंबर बहुतेक सर्चच्या लिंकमध्येच असतो, नसेल तर तेव्हाच्या बायोडाट्याच्या प्रिंटवर बघा. जन्मतारीख, जन्मवेळ, जुना ईमेल, जुना नंबर. भावाने पैसे भरले असतील तर त्याच्या बँकेच्या स्टेटमेंटमधली ती नोंद उत्तम, कारण ती त्यांच्या हिशोबातही असते आणि तिऱ्हाइताकडे नसते. ओळखपत्र मागितलंच तर मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि त्यावर आडवं लिहा की फक्त प्रोफाइल काढण्यासाठी, तारखेसह.

मजकूर असा काहीतरी:

"प्रोफाइल क्रमांक अमुक माझे आहे. नोंदवलेला ईमेल व मोबाईल आता माझ्या ताब्यात नाहीत, ईमेलचे डोमेन तिऱ्हाइताने घेतले आहे. मला लॉगिन नको. प्रोफाइल आणि फोटो आजच लपवावेत, खात्री झाल्यावर कायमचे काढावेत, आणि तुमच्या इतर साइट्सवर त्याची प्रत असल्यास तीही काढावी."

शेवटचं वाक्य ठेवाच. बऱ्याच अशा कंपन्यांच्या जातीनिहाय, भाषानिहाय साइट्स असतात, मागे गोदाम एकच, एका ठिकाणचं लपवलं तरी दुसरीकडे दिसतं.

कोथरूडकर
आणि समजा लॉगिन मिळालंच तर आधी सगळं खोटं भरायचं, नाव, तारीख, फोटो, मग डिलीट. म्हणजे त्यांच्याकडे उरलं तरी कचराच.

रात्रपाळी
हे बाकी ठिकाणी ठीक. इथे लॉगिन केलं की "नुकतेच ऑनलाइन" असा शिक्का पडून प्रोफाइल वर येऊ शकतं, चार स्थळं पण येतील. आणि बॅकअपमध्ये जुनं असतंच. शिवाय त्यांनी मेलवर ओळख तपासायला घेतली आणि तारीख जुळली नाही तर तुम्हीच खोट्या ठरता.

गोट्या_सातारा
इन्स्टावर अकाउंट काढून देणारे असतात ना दोन तीन हजारात, माझ्या मित्राने एकाला पैसे दिलेत, काम चालू आहे म्हणतो.

वकीलीण_मिरज
गोट्या, मित्राला सांग अजून पैसे मागितले की थांब. मागणारच.

मुक्ता_ठाणे
मेल टाकला. भावाच्या पासबुकात 2010 ची नोंद सापडली, तिचा फोटो जोडला, बाकीच्या ओळी झाकून. पोच आली, तक्रार क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी प्रोफाइल उघडत नाहीये, "उपलब्ध नाही" येतं. पण सर्चमध्ये फोटो तसाच दिसतोय?

रात्रपाळी
पान गेलं तरी गूगलकडची जुनी प्रत काही काळ राहते. गूगलचं "Refresh Outdated Content" नावाचं पान आहे, तिथे प्रोफाइलची लिंक टाका, फोटोची लिंक वेगळी टाका. पान खरंच गेलेलं असेल तरच ते ऐकतात, आधी टाकून उपयोग नसतो. आणि "उपलब्ध नाही" म्हणजे लपवलंय, काढलंय असं नाही. काढल्याचं लेखी मागा.

खवचट_नाना
लेखी देतील हो. आतमध्ये खरंच काढलं का हे तुम्ही कसं बघणार ते सांगा.

रात्रपाळी
नाही बघता येत, मान्य. जुना पत्ता टाकून पासवर्ड विसरलो दाबलं तर "असं खातं नाही" येतं का एवढं कळतं, पण बऱ्याच साइट मुद्दाम दोन्ही वेळी एकच उत्तर देतात. आणि खातं अजून असेल तर ती लिंक त्या जुगारवाल्याकडे जाईल, म्हणून मुक्ताताई, तुम्ही हे करून बघू नका.

आत्याबाई_सोलापूर
मंडळाच्या पुस्तिकेला पण तक्रार अधिकारी असतो का?