मदत हवी आहे : अमृत छकण्याआधीची तयारी, आणि नंतर चूक झाली तर?

रानजाई : पुढच्या महिन्यात गुरुद्वारात अमृत संचार, म्हणजे शिखांच्या खालसा पंथाची दीक्षा आहे, मी नाव दिलंय. नाकातली चमकी, कानातले चालतील का? नवरा अजून तयार नाही, मला एकटीला देतील का? आणि पुढे हातून काही चुकलं, तर अमृत मोडतं का?

जुना_वाचक : केस, कंगवा, कडं, कच्छा, कृपाण या पाचांतला एकही ककार अंगावरून उतरला की अमृत मोडतं. अंघोळीलाही कृपाण काढायची नाही. मांस तर कायमचं बंद.

गोदाकाठ : वरचं अर्धंच बरोबर आहे. ककार कायम अंगावर हवेत हे खरं, पण मर्यादेतल्या, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेतल्या, चार कुरहिती, म्हणजे अमृत मोडणाऱ्या चुका, वेगळ्या आहेत: केस कापणं, हलाल पद्धतीचं मांस, जोडीदाराबाहेर संबंध आणि तंबाखू. यातली एक जरी घडली, तरी अमृत देणाऱ्या पाच जणांसमोर, म्हणजे पंज प्यारेंसमोर कबूल करून पुन्हा अमृत छकावं लागतं. बाकीच्या चुकांना तनखाह, म्हणजे प्रायश्चित्त लागतं. दाढी कातरली तर कुरहित, पण पांढरी दाढी रंगवली तर तनखाह. संगतीपुढे हात जोडून चूक सांगायची आणि भांडी घासणं, झाडणं अशी जी सेवा मिळेल ती वाद न घालता करायची. मांसाबद्दल मतभेद आहेत, काही जथे सगळंच मांस वर्ज्य मानतात.

तयारीचं म्हणाल तर केसांवरून न्हाऊन, डोकं झाकून, पाचही ककार घालून जा. अंग टोचून घातलेला दागिना चालत नाही, त्यामुळे चमकी आणि कानातले आधीच काढा. आत गेल्यावर उजवा गुडघा जमिनीला टेकवून, डावा उभा ठेवून वीरासनात बसायचं. ओंजळीत पाच वेळा अमृत मिळतं, दर वेळी ते प्यायल्यावर 'वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह' म्हणायचं. मग पाच वेळा डोळ्यांवर आणि पाच वेळा केसांत शिंपडतात. उरलेलं सगळ्यांनी एकाच बाट्यातून, म्हणजे अमृताच्या भांड्यातून प्यायचं असतं. इथे उष्ट्याचा विचार मनात आला की लोक अडखळतात, त्याची तयारी आधीच करा. जातपात गळून पडावी म्हणूनच ही रीत आहे.

पुणेकर_७ : माझी अडचण विमानाची. कृपाण लहान असूनही एकदा अडवलं होतं.

गोदाकाठ : देशांतर्गत उड्डाणात पातं 6 इंच आणि एकूण लांबी 9 इंचांपर्यंत चालते. मुठीसकट मोजून घ्या, बहुतेक घोळ तिथेच होतो. पण इथला मूळ प्रश्न वेगळा आहे.

रानजाई : आणि नवऱ्याचं?

गोदाकाठ : मर्यादा जोडीदारालाही अमृत छकवायला सांगते, पण त्याच्याशिवाय देऊच नये असं म्हणत नाही. काही जथे मात्र जोडप्यालाच देतात. तुमच्या संचाराचे पंज प्यारे कोण आहेत ते आधी विचारा. रोजच्या पाठाचा नितनेमही आजच सुरू करा: पहाटे जपजी, जाप, दहा सवैये, संध्याकाळी रहरास, झोपताना सोहिला.

रानजाई : चमकी आजच काढते. मंगळसूत्राचं काय? ते टोचलेलं नाही, पण दुसऱ्या धर्माची खूण धरतील का?

जुना_वाचक : धरतील असं वाटतं. काढूनच जा.

गोदाकाठ : यावर एकमत नाही. तेही पंज प्यारेंनाच विचारा, आणि आदल्या दिवशी नको, आताच विचारा.