मदत हवी आहे: पवनचक्कीच्या मुख्य शाफ्टचा टॉर्क कोणत्या आकड्यावरून धरावा?

रोटरचा व्यास 80 मीटर, वारा 10 मी/से. टिप स्पीड रेशो 7 धरला, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग 70 मी/से. त्रिज्या 40 मीटर, म्हणून कोनीय वेग 1.75 रेडियन/से, मिनिटाला सुमारे 16.7 फेरे. (टॉर्क काढताना शक्तीला 1.75 नेच भागायचं. फेऱ्यांनी भागलं तर उत्तर साडेनऊ पट कमी येतं.)

हवेची घनता 1.2 आणि Cp 0.42 घेतल्यावर शक्ती 1.27 मेगावॅट, टॉर्क 724 किलोन्यूटन-मीटर. पण जनरेटरवर 1.05 मेगावॅटच दिसतात. गिअरबॉक्स-जनरेटरची एकत्रित कार्यक्षमता 92% धरून उलटं गेलं तर 652 येतो.

जागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. तिथली घनता 20 अंशांना सुमारे 1.07, ती घातली की 646. आकडे जुळतात, तरी मला खात्री वाटत नाही, कारण वारा नॅसेलवरच्या, म्हणजे पात्यांमागच्या मापकाने मोजलाय. त्यात 3% चूक असली तरी शक्तीत 9% फरक पडतो.

ही जुळणी योगायोगाची तर नाही ना? मापकाची दुरुस्ती तुम्ही कशी करता, की सरळ विद्युत शक्तीवरूनच टॉर्क धरता?