चिकुनगुनियाला चार महिने झाले, आईची बोटं-मनगटं-घोटे अजून धरलेलेच

सई_पुणे: आई ५८ वर्षांची. ऑगस्टमध्ये चिकुनगुनिया झाला, ताप चार दिवसांत गेला. आता डिसेंबर. सकाळी कुकरचं झाकण लागत नाही, कणीक मी मळून ठेवते. जिना उतरताना घोटे बोलतात. पॅरासिटामॉलने काडीचा फरक नाही. कोणाला काही अनुभव?

अप्पा_सातारा: मला २००६ च्या साथीत झालेला, वर्षभर रडवलं. निर्गुडीचा पाला घालून गरम पाण्याचा शेक घ्या, बरं वाटतं. आमच्याकडे एक जण पुडी देतो, तीन दिवसांत माणूस पळायला लागतो. पत्ता देऊ?

मेधा_फिजिओ: सई, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? सांधे दिसायला सुजलेत का?

सई_पुणे: तास-दीड तास. अंगठी निघत नाही. आणि रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं.

मेधा_फिजिओ: मग नुसती वाट बघू नका. तीन महिन्यांनंतरही सूज आणि इतका वेळ आखडणं म्हणजे सांध्यात दाह चालू आहे. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. संधिवाताच्या रक्ततपासणीत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला तरी घाबरू नका, चिकुनगुनियानंतर तो काही काळ तसा येऊ शकतो. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधल्या बोटात असतील तर मनगटात नस दाबली जात असावी. झोपताना मनगट सरळ धरणारा पट्टा बांधून बघा.

सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवायचे. मग बोटं सरळ, नंतर फक्त वरची पेरं दुमडून आकड्यासारखी, मग हलकी मूठ. पाच-पाच वेळा. त्यानंतर दोन तासांनीही दुखणं वाढलेलं राहिलं तर उद्या निम्मंच करा. रबरी चेंडू मात्र दाबायला देऊ नका, सुजलेल्या बोटांना तो त्रासच देतो.

अप्पा, शेक ठीक आहे. पण तीन दिवसांत पळवणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड कुटलेलं असतं. साखर, बीपी वाढतं.

अप्पा_सातारा: आमच्या मेव्हण्याला काही झालं नाही हो.

मेधा_फिजिओ: साखर तपासली होती का त्यांची? आणि पुडी बराच काळ चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नका म्हणावं.

नाशिकची_सून: सासूबाईंना सांध्यांच्या दाहासाठी मेथोट्रेक्सेट दिलं होतं. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, त्या रोज घ्यायला लागल्या! दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं म्हणून वाचलो. आता कॅलेंडरवर रविवारला लाल गोल करतो. घोट्यांसाठी घरातही मऊ तळव्याची चप्पल दिली, फरशीवर अनवाणी बंद.

सई_पुणे: मुंग्या त्याच तीन बोटांत आहेत, आत्ताच विचारलं. मंगळवारची वेळ मिळाली. मेधाताई, आईला बीपीची गोळी आहे, दुखण्याची दुसरी गोळी चालेल?

मेधा_फिजिओ: ते मी सांगणार नाही. दुखण्याच्या त्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं आणि किडनीवर ताण येऊ शकतो. मंगळवारी चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या.