ल्युकेमिया की लिम्फोमा: या वाटणीला खरंच अर्थ आहे का?

कातरवेळ: मामेभाऊ १९ वर्षांचा आहे. छातीत मोठी गाठ निघाली. रिपोर्टमध्ये टी-लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा लिहिलंय, पण डॉक्टर म्हणतात उपचार ल्युकेमियाचे द्यायचे. हे दोन वेगळे आजार ना? मग असं कसं?

सडेतोड: वेगळेच आहेत, आणि मला हे पटत नाही. ल्युकेमिया अस्थिमज्जेत सुरू होतो, म्हणून रक्तात दिसतो. लिम्फोमा गाठींचा. गाठ आहे तर ती काढा किंवा रेडिएशन द्या. अख्ख्या शरीरावर दोन-अडीच वर्षं केमो कशासाठी? आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पेशीवाचक: मत जरूर घ्या, पण त्यात वेळ घालवू नका. ही गाठ दिवसादिवसाला वाढते.

मी पॅथॉलॉजीत काम करतो. या आजारातल्या पेशी म्हणजे वाढ अर्धवट राहिलेल्या टी-पेशी, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. मज्जेतून छातीतल्या थायमस ग्रंथीत येऊन त्या प्रौढ व्हायला हव्यात, पण मध्येच अडकतात आणि नुसत्या विभागत राहतात. मज्जेत त्यांचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांच्या वर गेलं की आम्ही ल्युकेमिया लिहितो. त्याखाली असेल आणि मुख्य गाठ छातीत असेल तर लिम्फोमा. तुमच्या भावाच्या मज्जेत समजा ८ टक्के निघाल्या. दुसऱ्या कुणाच्या ३० टक्के. काचपट्टीवर दोघांच्या पेशी सारख्याच दिसतील, पेशी ओळखायच्या खुणा, म्हणजे मार्करही बहुधा तेच.

अशा पेशी रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात शिरतात. गाठ काढली तरी त्या मागे राहतातच. म्हणून आधी जोरदार केमो, पाठीच्या कण्यातून औषध आणि मग दीर्घकाळ गोळ्या, असा ल्युकेमियाचाच आराखडा वापरतात. इतर लिम्फोमांना चालणारी सहा सायकलची योजना इथे अपुरी पडते, आजार उलटतो.

निळावंती: माझ्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये तर दोन्ही नावं होती, सीएलएल/एसएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आणि स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, मानेत बारीक गाठी. तरी औषध काहीच नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. आम्ही घाबरलो होतो की डॉक्टर टाळतायत.

पेशीवाचक: टाळत नव्हते. त्या जवळजवळ प्रौढ बी-पेशी, सावकाश साठणाऱ्या. रक्तात मुक्काम असेल तर सीएलएल, गाठींतच असेल तर एसएलएल, आजार तोच. त्रास नसताना लवकर औषध सुरू केल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही.

सडेतोड: मग वाटणीच बंद करा ना! पेशीचं नाव लिहा, संपलं.

वॉर्डातली: नाही हो, माणूस दारात येतो तो लक्षणं घेऊन. मी केमो वॉर्डात नर्स आहे. ॲक्यूट ल्युकेमियाच्या पेशंटची मज्जा बिघडलेल्या पेशींनी भरून गेलेली असते. नव्या लाल पेशी नाहीत म्हणून दम, प्लेटलेट नाहीत म्हणून हिरड्यांतून रक्त आणि पायांवर लाल ठिपके, कामाच्या पांढऱ्या पेशी नाहीत म्हणून ताप. हॉजकिन लिम्फोमाच्या पेशंटचा सीबीसी मात्र अगदी नॉर्मल असू शकतो. त्याला मानेत न दुखणारी गाठ, रात्री कपडे भिजवणारा घाम, वजन उतरलेलं. "रक्त चांगलं आहे" म्हणून असे लोक महिनोन्महिने थांबलेले मी पाहिलेत. तिथे गाठीची बायोप्सीच हवी. सुईने उपसलेल्या थोड्या पेशी बहुतेक वेळा पुरत नाहीत, कारण हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कॅन्सरपेशी जेमतेम एखादा टक्का असतात.

आणि लवकरचा हॉजकिन असेल तर सडेतोड म्हणतात ते रेडिएशन कामाचं असतं, कमी केमोसोबत. गाठ काढून टाकणं हा मात्र उपचार नव्हे.

कातरवेळ, भावाला आडवं झाल्यावर धाप लागते का? चेहरा, मान सुजते का? असेल तर आत्ताच सांगा, गाठ मोठी शीर किंवा श्वासनळी दाबत असेल.

कातरवेळ: सकाळी चेहरा सुजलेला असतो, उशी उंच लागते. बायोप्सी झाली आहे. मज्जेचा रिपोर्ट उद्या येणार.

पेशीवाचक: उद्याची वाट पाहू नका, आजच डॉक्टरांना कळवा. बायोप्सी आधी झाली हे बरं. स्टेरॉइडने या पेशी दोन-चार दिवसांत विरघळतात आणि मग निदानाला काही उरत नाही. आता निदान हातात आहे, त्यामुळे गरज पडली तर डॉक्टर स्टेरॉइड लगेच सुरू करतील.

सडेतोड: रेडिएशनबद्दल मी सरसकट बोललो, ते मागे घेतो. पण २५ टक्क्यांची रेघ मनाला येईल तिथे ओढल्यासारखी वाटते. २४ आणि २६ मध्ये काय फरक?

पेशीवाचक: जीवशास्त्रात काही नाही. सोयीची रेघ आहे. दोन्हींत जनुकीय फरक थोडेफार दिसतात, पण त्यावरून उपचार वेगळे करावेत का, यावर अजून एकमत नाही.