पंपाचा शाफ्ट स्वतः बनवावा की वसईहूनच घ्यावा?

रबाळे_पंप यांचा प्रश्न:

आमचा रबाळे एमआयडीसीत लहान सेंट्रिफ्युगल पंपांचा कारखाना आहे. 410 स्टेनलेसचा शाफ्ट आम्ही वसईच्या एकाच पुरवठादाराकडून तयार घेतो. नगाला 620 रुपये पडतात. उन्हाळ्यात महिन्याला 650 नग लागतात, पावसाळ्यात 300, वर्षाची सरासरी 500. शंभरात चार-पाच नग बेअरिंगच्या जागी मापात नसतात. 24 लाखांचे सीएनसी लेथ घेतले तर नग 450 रुपयांत होईल असा माझा हिशेब आहे: माल 290, इन्सर्ट आणि कूलंट 35, वीज 15, ऑपरेटर 50, बाहेरचे ग्राइंडिंग 60. म्हणजे महिन्याला 85,000 रुपये वाचतील आणि अडीच वर्षांच्या आत मशीन वसूल होईल. बँक दहा टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज देत आहे, पण भागीदारांचा विरोध आहे. जाणकारांचे मत हवे आहे.

---

कांदिवली_वर्कशॉप:

मशीन घ्या. शाफ्ट हा पंपाचा कणा आहे आणि तो दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवून पंपाचा धंदा करता येत नाही. तुमची खरी मागणी एप्रिल-मे महिन्यांत असते आणि नेमके तेव्हाच तुमच्या पुरवठादाराकडे इतरांचीही कामे तुंबलेली असतात. पावसाळ्यात वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरले की टेम्पो निघत नाही, आणि निघाला तर घोडबंदर रस्त्यावर अडकतो. चार शाफ्टांसाठी तयार पंप टेस्ट बेडवर खोळंबून राहतात आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, ही किंमत तुमच्या 620 रुपयांत कुठेच धरलेली नाही. पावसाळ्यात मशीन रिकामे राहील अशी भीती असेल तर बाहेरचे जॉबवर्क घ्या.

---

हिशेबनीस_दादर:

आपला 450 रुपयांचा आकडा अपुरा आहे. त्यात बँकेचा हप्ता नाही आणि मशीनचा घसाराही नाही. 24 लाखांवर पाच वर्षांचा हप्ता महिना सुमारे 51,000 रुपये होतो आणि घसारा सरळ पद्धतीने पाच वर्षांत काढला तरी महिना 40,000. दोन्ही मिळून 91,000 झाले, म्हणजे आपली 85,000 ची बचत पहिल्याच दिवशी संपली. शिवाय मशीनने व्यापलेल्या जागेचे भाडे धरलेले नाही. माझ्या मते हा प्रस्ताव सरळ तोट्याचा आहे.

---

टूलरूम_ठाणे:

हिशेबनीस साहेबांनी हप्त्याचा मुद्दा काढला ते योग्यच केले, परंतु हप्ता आणि घसारा दोन्ही धरल्याने मशीनची किंमत दोनदा मोजली गेली आहे, कारण हप्त्यातील मुद्दल म्हणजे त्याच मशीनची किंमत होय. पाच वर्षे खिशातून काय जाईल हे पाहायचे असेल तर हप्ता धरावा आणि घसारा सोडावा. जागेचेही तसेच आहे: जागा आज रिकामी पडून असेल आणि भाड्याने देता येत नसेल, तर तिचा खर्च या निर्णयाने वाढत नाही आणि घटतही नाही.

मात्र रबाळेकरांच्या हिशेबातली मोठी चूक वेगळी आहे. त्यांनी ऑपरेटरचे 25,000 रुपये 500 नगांत वाटून 50 रुपये लावले; परंतु जुलैत 300 नग झाले म्हणून पगार 15,000 होत नाही. म्हणून नगाप्रमाणे वाढणारा खर्च आणि महिन्याला ठरलेला खर्च वेगळे करून पाहू. माल, इन्सर्ट, वीज आणि ग्राइंडिंग मिळून नगाला 400 रुपये होतात, म्हणजे खरेदीच्या भावाशी तुलना करता प्रत्येक नगामागे 220 रुपये हाती राहतात. महिन्याचा ठरलेला खर्च असा: हप्ता 51,000, ऑपरेटर प्रॉव्हिडंट फंड, बोनस आणि रजा धरून साधारण 31,000, देखभालीसाठी 8,000. एकूण 90,000. याला 220 ने भागले की 409 येतात. महिन्याला सुमारे 410 नगांखाली गेलात की तोटा, त्यावर नफा. पावसाळ्याच्या 300 नगांना 24,000 रुपये खिशातून जातील, मेच्या 650 नगांना 53,000 रुपये उरतील आणि सरासरी 500 वर महिन्याला 20,000 वाचतील, 85,000 नव्हे.

आता क्षमता पाहा. दोन्ही सेटिंग धरून एका शाफ्टला 14 मिनिटे लागतील असे धरतो. 650 नगांना सुमारे 152 तास होतात. एका पाळीचे महिन्याला 200 तास कागदावर दिसतात, परंतु टूल बदलणे, पहिला नग मापात आणणे आणि ऑपरेटरची गैरहजेरी वजा जाता 150 तास हाती लागले तरी पुष्कळ झाले. म्हणजे ज्या दोन महिन्यांसाठी मशीन घ्यायचे, त्याच महिन्यांत ते जेमतेम पुरेल, आणि ऑपरेटर गावी गेला तर तेही नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या यादीत ‘बाहेरचे ग्राइंडिंग 60’ आहे. बेअरिंग बसते ती जागा ग्राइंडिंगने तयार होते, लेथवर नव्हे. तुमचा दोष ज्या ठिकाणी आहे, नेमके तेच काम 24 लाख घालूनही बाहेरच राहणार आहे.

---

रबाळे_पंप:

ग्राइंडिंगचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बेअरिंग 6305 आहे, ड्रॉइंगवर 25 मिलिमीटरला के-6 दिले आहे. पुरवठादार प्रत्येक खेपेसोबत मापाचा अहवाल देतो आणि त्यात सगळे नग बरोबर असतात. आमच्याकडे मात्र काही बेअरिंग सैल बसतात.

---

टूलरूम_ठाणे:

के-6 म्हणजे माप 25.002 ते 25.015 मिलिमीटर, एकूण मोकळीक 13 मायक्रॉन. त्यांचा मायक्रोमीटर कोणत्या लीस्ट काउंटचा आहे ते विचारा. तो 0.01 मिलिमीटरचा असेल तर त्याची एक रेघ म्हणजेच 10 मायक्रॉन, आणि त्यावर 13 मायक्रॉनची मोकळीक तपासणे म्हणजे अंदाज बांधणे होय. दुसरे, शाफ्ट मोजताना तो थंड झालेला असतो का ते पाहा. ग्राइंडिंगवरून उतरवलेला शाफ्ट 20 अंशांनी गरम असेल तर 25 मिलिमीटर व्यासात सुमारे 5 मायक्रॉन जास्त दाखवतो. खालच्या मर्यादेजवळचा नग गरम असताना पास होतो आणि रबाळेला पोहोचेपर्यंत नापास झालेला असतो. अहवाल खोटा नसतो, पण मापही खरे नसते.

चालवून परत आलेले पंप उघडून पाहा. शाफ्टवर बेअरिंगच्या जागी चकाकी आली असेल किंवा तपकिरी भुकटीसारखा गंज असेल तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर सरकत होती, म्हणजे माप कमी होते. उलट बेअरिंग टेस्ट बेडवरच तापत आणि आवाज करत असेल तर माप जास्त असण्याचा संशय घ्यावा, कारण मग बेअरिंगच्या आतली फट दाबली जाते. दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

माझे मत असे की टर्निंग वसईलाच राहू द्यावे. बारचा माल तुमच्या ताब्यात घ्या, जॉबवर्क चलनावर पाठवा, आणि मायक्रॉन दाखवणारा मायक्रोमीटर व सेटिंग मास्टर लावलेला कंपॅरेटर तुमच्याकडे ठेवा. मशीनच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

---

मीनल_अंबरनाथ:

आमचे काम प्लास्टिकचे आहे, तरीही आमचा अनुभव येथे लागू पडेल असे वाटते. आमच्या एका झाकणाचा साचा आम्ही स्वतःच्या पैशाने बनवून पुरवठादाराच्या मशीनवर ठेवला होता. दरवाढीवरून वाद झाला तेव्हा साचा परत मिळवण्यात एक पूर्ण हंगाम गेला, कारण तो आमचा आहे असे लेखी काहीच नव्हते. आता प्रत्येक साच्यावर आमचा नंबर कोरलेला असतो आणि तो आमच्या मालकीचा असल्याचे पत्र पुरवठादाराकडून सही करून घेतलेले असते. शाफ्टला साचा नसतो हे मला ठाऊक आहे. परंतु सीएनसीचा प्रोग्रॅम, फिक्श्चर आणि तुमचे ताजे ड्रॉइंग कोणाकडे आहे? ते फक्त त्यांच्याकडेच असेल तर दुसरा पुरवठादार तुम्हाला एका आठवड्यात उभा करता येणार नाही.

---

वसई_टर्निंग:

मी रबाळेकरांचा पुरवठादार नाही, पण त्यांच्यासारख्यांची कामे करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ज्या गिऱ्हाइकाची मागणी 300 वरून 650 वर जाते आणि ती मला महिना सुरू झाल्यावर कळते, त्याच्यासाठी मी मशीन राखून ठेवू शकत नाही. जो वर्षभर 400 नग नक्की उचलतो आणि पैसे वेळेवर देतो, त्याचे काम आधी लागते, हे कोणत्याही वर्कशॉपमध्ये असेच चालते. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असे 2006 चा कायदा सांगतो; प्रत्यक्षात कित्येकदा शंभर दिवस जातात, आणि मग मेमध्ये उशीर झाला की पुरवठादारावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे असे म्हटले जाते. पावसाळ्यात शंभर-दीडशे नग जास्त बनवून घ्या आणि तुमच्याच गोदामात ठेवा. 410 चा शाफ्ट तेल लावून नीट गुंडाळला आणि टोकांच्या सेंटरना टोपी घातली तर तीन-चार महिने खराब होत नाही.

बाहेरचे जॉबवर्क घेऊन मशीन भरण्याचा सल्लाही मला पटत नाही. काम मिळवणे, दर देणे, वसुली करणे हा वेगळा धंदा आहे. तो पंप विकता विकता होत नाही.

---

कांदिवली_वर्कशॉप:

सगळे म्हणणे वाचले, तरीही माझे मत बदललेले नाही. ठाणेकरांनी पाच वर्षांचा हिशेब मांडला, पण लेथ पाच वर्षांनी भंगारात जात नाही. नीट सांभाळले तर दहा-बारा वर्षे चालते आणि हप्ता संपल्यावर त्यांच्याच आकड्यांनी महिन्याला 71,000 वाचतात. शिवाय पुरवठादाराचा दर पाच वर्षे 620 वरच राहील असे कोणी लिहून देणार आहे का? आणि ग्राइंडिंग बाहेर आहे म्हणून लेथ घेऊ नये, हा तर्क मला उलटा वाटतो. जुने सिलिंड्रिकल ग्राइंडर घ्या आणि तेही आत आणा.

---

टूलरूम_ठाणे:

हप्ता संपल्यानंतरचा मुद्दा मान्य आहे, आणि सरासरी 500 ऐवजी 700 नगांची खात्री असती तर दुसरी पाळी धरून मीही मशीन घ्या म्हटले असते. ग्राइंडर आत आणण्यालाही माझा विरोध नाही. उलट दोन्हींपैकी एकच घ्यायचे असेल तर लेथच्या आधी ग्राइंडर घ्यावे. परंतु जुन्या ग्राइंडरचा स्पिंडल आणि स्लाइड तपासायला जाणता माणूस सोबत न्या. एकच शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून पाच ठिकाणी मापा. टेपर किंवा गोलाईत चार-पाच मायक्रॉनचा फरक निघाला तर 13 मायक्रॉनच्या मोकळिकीतला मोठा हिस्सा मशीननेच खाल्ला, आणि तुम्ही वसईचा दोष रबाळेला आणला एवढेच होईल.

---

रबाळे_पंप:

नापास म्हणून बाजूला ठेवलेले 22 शाफ्ट काल नवीन मायक्रोमीटरने सकाळी थंड असताना मोजले. 17 नग खालच्या मर्यादेपेक्षा 1 ते 4 मायक्रॉन कमी निघाले, तिघांचे सेंटर वाहतुकीत ठोकले जाऊन रनआउट वाढला होता आणि दोन नग बरोबर होते, ते आम्हीच चुकीने बाजूला काढले. पुरवठादाराला मोजण्याआधी शाफ्ट थंड होऊ देण्यास आणि ग्राइंडिंग मध्यावर, म्हणजे 25.008 च्या आसपास धरण्यास सांगितले आहे. भागीदारांना 410 नगांचा आकडा दाखवला. लेथ या वर्षी नको यावर एकमत झाले आहे. ग्राइंडरवर मात्र अजून वाद आहे, कारण चालवणारा माणूस आमच्याकडे नाही आणि मिळाला तर तो किती टिकेल हे कोणालाच सांगता येत नाही. महिन्याला किमान 350 नग उचलण्याची हमी देऊन दर बांधून घ्यावा, की 150 नगांसाठी दुसरा पुरवठादार तयार करावा, याबद्दल वसईकरांचे मत वाचायला आवडेल.

---

वसई_टर्निंग:

दोन्ही करा, पण हमी 300 चीच द्या, कारण तुमचा पावसाळा 300 चा आहे आणि न पाळलेली हमी पुढच्या वर्षी कोणी धरत नाही. दुसऱ्याला 150 नगांचे काम द्यायचे असेल तर ते उन्हाळ्यात नव्हे, आत्ताच द्या. पहिल्या दोन खेपांत त्याचेही नग परत जाणार आहेत.